गांधीजींच्या नावावरचं वाक्य शोधताना या चुका टाळा

‘आधी ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात आणि मग तुम्ही जिंकता.’ भाषणांत, पोस्टरवर, स्टेटसवर हे वाक्य गांधीजींच्या नावाने सर्रास फिरतं. ते मुळात कुठून आलं हे शोधायला बसलेले बहुतेक जण आज प्रचलित असलेलं वाक्य जसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकून शोधतात. त्यात अलीकडच्या नकलाच तेवढ्या सापडतात. वाक्य हातोहात फिरताना घासत जातं, म्हणून त्यातले तुकडे सुटे करून शोधा, उदाहरणार्थ `"ignore you" "ridicule you"`, आणि निकालांना जुन्या सालाची मर्यादा घाला.

असं शोधलं की १९१८ सालचं एक भाषण समोर येतं. अमेरिकेतल्या कापड-शिलाई कामगारांच्या संघटनेचं अधिवेशन बाल्टिमोरला भरलं होतं. तिथे निकोलस क्लाइन नावाचे वक्ते म्हणाले की, आधी ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग टर उडवतात, मग हल्ला करून तुम्हाला जाळायला निघतात आणि मग तुमची स्मारकं उभारतात. जिंकण्याचा उल्लेख यात नाही, पण पायऱ्यांचा क्रम आणि ‘तुम्ही’ला उद्देशून बोलणं अगदी तेच आहे.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. गांधीजींनी १९२१ मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलं होतं की, प्रत्येक चांगली चळवळ उपेक्षा, उपहास, निंदा, दडपशाही आणि आदर अशा पाच अवस्थांतून जाते. हे हाती लागलं की ‘सापडलं मूळ!’ म्हणून लोक थांबतात. इथे थांबू नका. विचार जवळचा आहे, पण वाक्याची घडण वेगळी आहे आणि तारीख क्लाइनच्या नंतरची आहे. मात्र तेवढ्यावरून गांधीजींनी ते क्लाइनकडून उचललं असंही म्हणता येत नाही, कारण तसा दुवा दाखवणारा पुरावा नाही.

गांधीजींच्या समग्र वाङ्मयात पडताळताना आणखी एक घोळ होतो. इंग्रजी छापील मालिका १०० खंडांची आहे, तर नंतरची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती ९८ खंडांची. त्यामुळे एकीतला खंड-पान क्रमांक दुसरीत जुळत नाही आणि ‘संदर्भ खोटा आहे’ असा गैरसमज होतो. दोन्हींची मांडणी मुख्यतः कालक्रमाने आहे, तेव्हा तारखेवरून शोधा.

गूगल बुक्सवरच्या सालावरही विसंबू नका. नियतकालिकांना आणि अहवालांना तिथे पुष्कळदा मालिकेच्या पहिल्या अंकाचं साल चिकटलेलं असतं. निकालात दिसणाऱ्या मजकुराच्या नुसत्या तुकड्यावर न भागवता मुखपृष्ठामागचं शीर्षकपान उघडा, वाक्य सापडलेल्या पानाच्या मागचा-पुढचा मजकूर वाचा आणि त्यात आलेल्या घटनांवरून साल ताडून पाहा.

नोंद करताना ‘मूळ लेखक क्लाइन’ असं लिहू नका. ‘आजवर सापडलेला सर्वांत जुना जवळचा पाठ: क्लाइन, बाल्टिमोर, १९१८’ एवढंच लिहा. उद्या एखाद्या जुन्या वर्तमानपत्रात याहून आधीचा पाठ निघाला, तर फक्त ही ओळ बदलावी लागेल.