फुल अँड फायनलवर सही केली, तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही

वेर्ण्यातली नोकरी सोडताना ‘आता काही येणे नाही’ असं छापलेल्या कागदावर सही घेतात, आणि हिशेबात ग्रॅच्युइटीच नसते. कायद्याने ठरलेली किमान नोकरी झाली असेल, तर ती मिळतेच. सहीने हक्क जात नाही.

आधी आकडा काढा: शेवटचं बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,२०० रुपये आणि ७ वर्षं म्हणजे ७३,५०० रुपये.

सही करावीच लागली, तर खाली हाताने लिहा: ‘ग्रॅच्युइटी मिळालेली नाही, हक्क राखून सही.’ तारीख घाला, फोटो काढा. मग कंपनीला लेखी मागणी करा; दाद दिली नाही तर पणजीत पाटोवरच्या श्रम शक्ती भवनात कामगार आयुक्तालय गाठा.

मात्र तडजोडीची जादा रक्कम राजीखुशीने घेऊन सही केली असेल, तर बोनस-इन्सेंटिव्हच्या वादात तोच कागद आडवा येतो.