पीआयपीचा पहिला मेल: धीर द्यायचा, पण गोलमोल लिहायचं नाही

कोल्हापूर परिसरातल्या कारखान्यांत नव्यानं सेक्शन हेड झालेल्या मुलामुलींना मशीन, माणसं, ऑडिट हे सगळं कुणीतरी शिकवतं. हाताखालच्या माणसाचं काम कमी पडतंय हे त्याला लेखी कसं कळवायचं, ते मात्र कुणी शिकवत नाही. मी गोकुळ शिरगावच्या बाजूला कास्टिंग मशीनिंग करणाऱ्या एका कारखान्यात एचआर बघतो. कामगिरी सुधारणा योजना, म्हणजे आपल्या बोलण्यातली पीआयपी, सुरू करताना जो पहिला मेल जातो तो लिहायला बसलेली मंडळी माझ्याकडे येतात. त्यातलं एक प्रकरण इथं सविस्तर सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

माणूस क्वालिटी इंजिनिअर, चार वर्षांचा अनुभव. त्याच्याकडे ग्राहकांच्या तक्रारी आणि त्यांचे एट-डी रिपोर्ट. तक्रार आली की आधी संशयित माल अडवायचा आणि तसं ग्राहकाला कळवायचं, मग मूळ कारण शोधायचं, मग ते पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था लावायची. त्याची पहिली उत्तरं उशिरा जात होती आणि बंद केलेली तक्रार परत येत होती.

त्याच्या सेक्शन हेडनं जो मसुदा आणला त्याची सुरुवात अशी होती: ‘तुम्ही आमच्या टीमचे महत्त्वाचे सदस्य आहात. तुमच्या मेहनतीची आम्हाला जाणीव आहे. तथापि काही बाबतींत अधिक लक्ष दिल्यास कामगिरी आणखी उंचावेल.’ हेतू चांगला होता, पण वाचणारा काय समजेल? आपलं बरं चाललंय, थोडं अजून करायचंय. दोन महिन्यांनी त्याच्या नोकरीवरच प्रश्न आला, तर त्याला ते फसवल्यासारखंच वाटणार. गोड बोलून वेळ मारून नेली की त्याचा भुर्दंड समोरच्याला पडतो.

दुसऱ्या टोकाचा मसुदाही मी पाहिलाय: ‘आपणांस कळविण्यात येते की आपली वर्तणूक बेजबाबदार असून…’ हा तर कारणे दाखवा नोटिशीचा सूर झाला. गैरवर्तन असेल, म्हणजे न सांगता गैरहजेरी, खोटी नोंद, शिवीगाळ, तर त्याचा मार्ग वेगळा आहे: नोटीस, आरोपपत्र, चौकशी. पीआयपी ही काम जमत नसेल तेव्हाची गोष्ट. दोन्ही एकाच मेलमध्ये आलं की माणूस आरोपाचं उत्तर देत बसतो आणि कामाचा मुद्दा बाजूला राहतो.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा. माणसाला काढायचं वर ठरलेलंच आहे आणि फक्त कागद रंगवायचा आहे, असं असेल तर हा मेल लिहू नका. तशा मेलमधला आधाराचा प्रत्येक शब्द खोटा ठरतो.

आम्ही शेवटी जो मेल पाठवला तो साधारण असा होता:

‘नमस्कार. आज सकाळी आपलं जे बोलणं झालं ते लिहून देत आहे. 7 एप्रिल ते 5 जून या 60 दिवसांसाठी तुमची कामगिरी सुधारणा योजना सुरू होत आहे. कारण, ग्राहकांच्या तक्रारींवरचं तुमचं काम सध्या या पदाला लागतं त्या दर्जाचं नाही.

जानेवारी ते मार्च तुमच्याकडे 7 तक्रारी आल्या. त्यातल्या 5 तक्रारींचं पहिलं उत्तर 24 तासांत गेलं नाही. बोअर ओव्हरसाइजची तक्रार दोनदा बंद केली आणि ती तिसऱ्यांदा आली. दोन्ही रिपोर्टमध्ये मूळ कारण “ऑपरेटरचं दुर्लक्ष” एवढंच लिहिलं होतं.

या 60 दिवसांत येणाऱ्या प्रत्येक तक्रारीत हे व्हायला हवं: पहिलं उत्तर 24 तासांत, संशयित माल कुठं आणि किती अडवला या आकड्यांसह. मूळ कारण 10 कामाच्या दिवसांत, पुराव्यासह. उपाय लागू झाला की त्याच आठवड्यात कंट्रोल प्लॅन आणि मशीनवरची चेकशीट बदललेली. वेळ पाळता येणार नसेल तर ती संपण्याआधी मला सांगायचं.

यासाठी 7 एप्रिलपासून डिस्पॅचचा फॉलोअप तुमच्याकडे राहणार नाही. सीएमएम रोज सकाळी 10 ते 11 तुमच्या तपासणीसाठी राखून ठेवला आहे. क्वालिटी मॅनेजर दर मंगळवारी तासभर तुमच्यासोबत मूळ कारणावर बसतील. दर बुधवारी 4 वाजता आपण दोघं आढावा घेऊ आणि त्याचे मुद्दे मी त्याच दिवशी मेल करेन.

हे साध्य झालं तर योजना 5 जूनला बंद होईल. झालं नाही तर पदात बदल किंवा नोकरी संपवणं यापैकी निर्णय होऊ शकतो. हे तुम्हाला आजच माहीत असावं म्हणून स्पष्ट लिहितोय. गेल्या ऑक्टोबरमधल्या ब्लोहोलच्या तक्रारीत तुम्ही कोअरच्या व्हेंटपर्यंत कारण शोधून काढलं होतं. तसं काम सातत्यानं करणं तुम्हाला जमेल असं मला वाटतं. यातलं काही चुकीचं किंवा अशक्य वाटत असेल तर 9 एप्रिलच्या आढाव्याआधी लिहून कळवा.’

मेल आधी नाही, बोलणं आधी. मेल उघडल्यावर माणसाला ही बातमी पहिल्यांदा कळता कामा नये. बोलणं सकाळी, मेल त्याच दिवशी, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर मुळीच नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याला विचारायला कुणी भेटत नाही. मेलमध्ये सीसीला फक्त मी आणि क्वालिटी मॅनेजर होतो. आपल्याकडे शेजारच्या मशीनवरचा माणूस त्याच गावचा निघतो, त्याच तालमीतला निघतो. दुपारी झालेली गोष्ट रात्री घरी पोचते. प्रिंट कॉमन प्रिंटरवर काढायची नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं एक अक्षरही टाकायचं नाही.

आता अपेक्षांबद्दल. सेक्शन हेडची पहिली इच्छा ‘ग्राहकाकडचं रिजेक्शन निम्म्यावर आणणे’ अशी होती. मी ती काढायला लावली. कास्टिंगच्या आतला ब्लोहोल मशीनिंग झाल्यावर उघडा पडतो आणि त्याचं मूळ फाउंड्रीत असतं. ते या मुलाच्या हातात नाही. जे माणसाच्या हातात नाही त्यावर त्याची नोकरी ठेवली, तर तो पहिल्या आठवड्यातच हात टेकतो. तसंच टक्केवारीचं. ‘90 टक्के उत्तरं वेळेत’ ऐकायला छान वाटतं, पण 60 दिवसांत चारच तक्रारी आल्या तर 90 टक्क्यांचा अर्थ काय लावणार? तीन म्हणजे 75 आणि चार म्हणजे 100, मधलं काही नाही. म्हणून ‘प्रत्येक तक्रार’ लिहिलं आणि अडचण आलीच तर आधी सांगायची वाट ठेवली. आकडे लहान असतील तेव्हा हाच मार्ग मला रास्त वाटतो.

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य मी खोडतोच. ज्याची नोकरी टांगणीला लागलीय तो मागायला येत नाही. काय देणार, कोण देणार, कधीपासून देणार ते आपणच लिहायचं. आणि लिहिलं की ते आपल्यावर बंधनकारक. मंगळवारची बैठक मॅनेजरच्या ऑडिटमुळं रद्द झाली तर बुधवारच्या मुद्द्यांत तशी नोंद करायची. नाहीतर 60 दिवसांनी एकाच बाजूचं अपयश कागदावर दिसतं.

परिणामाच्या वाक्याला सगळे अडखळतात. ते शेवटी कुठंतरी बारीक आवाजात लिहायचा मोह होतो, किंवा ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल’ असं झाकून लिहिलं जातं. नोकरी जाऊ शकते, तर ‘नोकरी’ हा शब्द तिथं हवा. उलट ‘तू नक्की निभावशील, काळजी करू नको’ असंही लिहायचं नाही, तो शब्द आपण पाळू शकत नाही. धीर द्यायचा तो त्याच्याच जुन्या कामाचा दाखला देऊन. ऑक्टोबरच्या त्या रिपोर्टचा उल्लेख मी म्हणूनच सांभाळून ठेवला.

पाठवण्याआधी माझी एक चाचणी असते. प्रकरण माहीत नसलेल्या, पण गोपनीयता पाळणाऱ्या एका सहकाऱ्याला नावं झाकून मसुदा वाचायला देतो आणि विचारतो, या माणसानं काय बदलायचंय, कधीपर्यंत, आणि नाही बदललं तर काय? तिन्ही उत्तरं न चाचरता आली पाहिजेत. कंपनीचा फॉरमॅट इंग्रजीत असेल तर तो भरा, पण समोर बसून हेच सगळं मराठीत सांगा. पोचपावतीवर सही घेताना ‘मिळाले’ एवढंच लिहून घ्या. त्याचा अर्थ ‘मान्य आहे’ असा होत नाही, हेही त्याला सांगा.

या प्रकरणात त्याचं पहिलं उत्तर होतं, ‘ओके सर, नोटेड.’ मेल पोचला पण मुद्दा पोचला का, हे त्यावरून कळत नाही. पहिल्या बुधवारी तो रात्री किती वाजेपर्यंत थांबतो हेच सांगत राहिला. ही खूण ओळखायला शिका: माणूस अपेक्षेबद्दल न बोलता कष्टाबद्दल बोलायला लागला की त्याला मेलमधून फक्त भीती समजलेली असते. सेक्शन हेडनं मेल समोर ठेवला आणि म्हटलं, ‘यात तुमच्याकडून काय हवंय ते तुमच्या शब्दांत सांगा.’ तेव्हा कुठं खरी गोष्ट बाहेर आली. ग्राहकाचा तक्रारीचा मेल आधी सेक्शन हेडकडे येत होता, तिथून अर्ध्या दिवसानं याच्याकडे जायचा. मग 24 तास कुठून मोजायचे?

मुद्दा बिनतोड होता. त्याच संध्याकाळी सुधारित मेल गेला: तक्रार थेट त्याच्या पत्त्यावरही येईल आणि वेळ त्याला मिळाल्यापासून मोजली जाईल. बाकी अपेक्षा आहेत तशाच राहतील, हेही त्यात लिहिलं, नाहीतर एक अट बदलली की सगळंच सैल झालं असा समज होतो.

मंगळवारच्या बैठकांत बोअरचं कारण सापडलं. इन्सर्ट झिजत गेला की बोअर लहान येतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट वाढवत नेतो. नवा इन्सर्ट लावला आणि तो ऑफसेट मागं घेतला नाही की पहिले काही पीस मोठे येतात. चेकशीटवर इन्सर्ट बदलल्यानंतरच्या पहिल्या पीसची तपासणी नव्हतीच. ती घातली, ऑफसेट मागं घेण्याची पायरी लिहिली, आणि मागच्या दोन रिपोर्टमधला ऑपरेटरचा दोष काढला.

योजना 5 जूनला पूर्ण झाली. ती बंद झाल्याचाही मेल त्याच दिवशी गेला, त्याच तीन माणसांना: कोणत्या अपेक्षा होत्या, त्या पूर्ण झाल्या, योजना संपली, आणि सीएमएमची सकाळची वेळ पुढंही त्याच्याकडेच राहील.