वीस मिनिटांची पॉवर टेस्ट आणि लांब राइडचा झोन

टेस्टआधी सायकलचा पॉवर मीटर झिरो करा. वॉर्म-अपनंतर पाच मिनिटं पूर्ण ताकदीने आणि दहा मिनिटं अगदी हलकं चालवा, मग मुख्य वीस मिनिटं. ती पाच मिनिटं गाळू नका. ताज्या पायांनी आकडा फुगतो आणि पुढचे सगळे झोन, म्हणजे सरावाच्या तीव्रतेचे टप्पे, वर सरकतात. मुख्य वीसपैकी पहिली पाच मिनिटं थोडी राखून चालवा, नाहीतर शेवटी वॉट घसरतात.

या वीस मिनिटांची सरासरी २२० वॉट आली, तर तिचे ९५ टक्के म्हणजे २०९ वॉट हा तुमचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी पॉवर. लांब राइडसाठी त्याचे ५६ ते ७५ टक्के, म्हणजे साधारण ११७ ते १५७ वॉट धरा. चढावर यापेक्षा जास्त लागतातच, पण २०९ ओलांडू नका. गिअर हलका करा.