गेमिंग पीसीसाठी एसएमपीएस किती वॅटचा घ्यावा? सांगलीतल्या एका पीसीचा हिशोब

ग्राफिक्स कार्ड ठरते, प्रोसेसर ठरतो आणि उरलेल्या पैशांत एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज देणारा पॉवर सप्लाय, बसवला जातो. मग दुकानदार म्हणतो ८५० वॅटचा घ्या, मित्र म्हणतो कॅबिनेटसोबत येतो तोच चालेल. हा निर्णय अंदाजाने घ्यायची गरज नसते. कागद-पेन घेऊन दहा मिनिटांत आकडा निघतो. विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या पीसीसाठी आम्ही तो कसा काढला, तेच इथे देतो. त्याचे भाग असे: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० कार्ड, रॅमच्या दोन स्टिक, एक एनव्हीएमई एसएसडी आणि पाच पंखे.

आधी बेरीज करा. कार्डाची वीज कंपनीच्या पानावर दिलेली असते. ५०७० साठी ती २५० वॅट आहे. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र फसगत होते. ७६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी ती मर्यादा नव्हे. मदरबोर्ड त्याला ८८ वॅटपर्यंत वीज देतो. इंटेलमध्ये हा फरक आणखी मोठा आहे. आय५-१४४०० एफ चा मूळ आकडा ६५ आणि टर्बोचा १४८. बेरजेत नेहमी मोठा आकडा घ्या. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे आणि यूएसबीवरच्या वस्तू मिळून ६० वॅट धरले की पुरतात. आमची बेरीज झाली:

`250 + 88 + 60 = 398`

म्हणजे ४०० वॅट. गेम खेळताना कार्ड आणि प्रोसेसर एकाच वेळी पूर्ण ताकदीने क्वचितच चालतात, त्यामुळे प्रत्यक्ष वापर ३४० च्या आसपास राहतो.

मग ४५० चा का नको? कारण कार्डाची वीज एकसारखी नसते. सेकंदाच्या अगदी छोट्या भागासाठी ती सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेते. एसएमपीएसला ही उसळी झेपली नाही, तर त्याचे संरक्षण सर्किट पीसी बंद करते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्या सोसण्याची अट घातली गेली आणि पुढच्या ३.१ मध्येही ती कायम आहे. म्हणून नवा सप्लाय घेताना या दोनपैकी एक मानक पाहूनच घ्या. दुसरे कारण उष्णता. सांगलीत एप्रिल-मेमध्ये खोलीतच पारा चाळिशीला टेकतो आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त असतो. काही सप्लायची वॅटची हमी ४० अंशांपर्यंतच असते, काहींची ५० पर्यंत. आपल्या हवेत ५० वाला घ्यावा.

माझा नियम साधा आहे: बेरीज सप्लायच्या ६० ते ६५ टक्क्यांत बसली पाहिजे. ४०० भागिले ०.६५ केले की ६१५ येतात, म्हणजे ६५० वॅट. एनव्हिडियाही ५०७० साठी ६५० च सुचवते. दोन-तीन वर्षांनी ३०० वॅटचे कार्ड टाकायचे नक्की असेल, तर आजच ७५० घ्या. ८५० या पीसीला लागत नाही. ते पैसे एसएसडीला लावावेत.

आता खरे काम, आणि याच ठिकाणी आपल्याकडे सर्वाधिक फसवणूक होते. खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा आणि सप्लायच्या अंगावरचा स्टिकर वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात, म्हणून त्या रकान्यातले अँपिअर घेऊन १२ ने गुणा. चांगल्या ६५० वॅटच्या सप्लायवर ५४ अँपिअर असतात, म्हणजे ६४८ वॅट. स्टिकरवर ६५० लिहून १२ व्होल्टला ३२ अँपिअरच दिलेले असतील, तर हाती येतात ३८४ वॅट. आमच्या ४०० ला तो पुरणार नाही, खोक्यावर काहीही छापलेले असो.

त्याच स्टिकरवर इनपुटचा रकाना असतो. तिथे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले हवे. काही स्वस्त सप्लाय फक्त २०० ते २४० चे असतात. सांगली-मिरज शहरात त्याने फारसे बिघडत नाही, पण तासगाव, जत किंवा साताऱ्याकडे खटाव-माणच्या वस्त्यांवर संध्याकाळी दाब १८० च्या खाली उतरला, की असा सप्लाय गेमच्या मधेच मान टाकतो. खेड्यात राहणाऱ्याने या एका ओळीसाठी हजारभर रुपये जास्त मोजायला हरकत नाही.

सप्लायवर ८० प्लसचा कार्यक्षमतेचा बिल्ला असतो; तो ब्राँझ हवा की गोल्ड, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. ६५० वॅटचा सप्लाय ब्राँझ असो वा गोल्ड, पीसीला ६५० च देतो. फरक पडतो तो भिंतीतून किती वीज ओढली जाते त्यात. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत अर्ध्या लोडला ब्राँझची कार्यक्षमता किमान ८५ टक्के आणि गोल्डची ९० टक्के लागते. पीसीला ३४० वॅट हवे असतील तर ब्राँझ ४०० ओढेल आणि गोल्ड ३७८. रोज चार तास खेळले तर वर्षाला ३२ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, ३२० रुपये झाले. आपल्या २३० व्होल्टवर दोन्ही थोडे सुधारतात, त्यामुळे बचत याहून कमीच. बिल पाहून गोल्ड घेऊ नका. गोल्डमध्ये आतली उष्णता कमी आणि पंखा शांत राहतो, हे त्याचे खरे फायदे. बिल्ला फक्त कार्यक्षमता सांगतो, आतल्या मालाचा दर्जा नाही. म्हणून वॉरंटी पाहा: पाच वर्षांहून कमी असेल तर मी तो सप्लाय घेत नाही. आम्ही सात वर्षांचा ६५० गोल्ड घेतला.

जोडताना कार्डासोबत आलेल्या अडॅप्टरला सप्लायपासून दोन वेगवेगळ्या केबल द्या. एकाच केबलची दोन टोके लावू नका, कारण आठ पिनांच्या एका जोडणीची मर्यादा १५० वॅट असते. कार्डाकडचा सोळा पिनांचा प्लग पूर्ण आत गेला आहे ना, हे टॉर्च लावून बघा. अर्धवट बसलेला प्लग तापून वितळू शकतो.

यूपीएस असेल तर भिंतीतली वीज मोजा. आमचा पीसी पूर्ण लोडला ४४५ वॅटपर्यंत जाईल, वर मॉनिटरचे ३०. ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, म्हणून १००० व्हीए चा, ६०० वॅट देणारा लागतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर तो साइन वेव्हचाच हवा आणि मागचे बटण यूपीएस मोडवर असावे, नाहीतर लाइट जाताच पीसी रीस्टार्ट होतो.

आणि गेममध्ये स्क्रीन अचानक काळी होऊन पीसी रीस्टार्ट होऊ लागला तर? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Kernel-Power 41` दिसेल, पण त्यातून पीसी नीट बंद झाला नाही एवढेच कळते, कारण नाही. कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तासभर चालवा. रीस्टार्ट थांबले, तर संशय सप्लाय आणि त्याच्या केबलवर घ्या. तरीही होत राहिले, तर रॅम आणि प्रोसेसरच्या तापमानाकडे वळा.