तीन ठिकाणचे निकाल एका यादीत: न जुळणाऱ्या गुणांवरून क्रम कसा लावावा

शोधाची चौकट एक, पण मागे ग्रंथालयाची तीन वेगळी भांडारे. पुस्तकांची सूची इलॅस्टिकसर्चमध्ये, नियतकालिकांतल्या लेखांची सूची एसक्यूलाइटच्या एफटीएस५ मध्ये, आणि छायाचित्रे पोस्टग्रेसमध्ये, शब्दांऐवजी अर्थाची जवळीक पाहणारे पीजीव्हेक्टर लावून. वाचकाने ‘कोयना भूकंप’ असे टाइप केले की तिन्हीकडून उत्तरे येतात आणि प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा येतो. समजा, पुस्तकांतल्या पहिल्या निकालाला १८.४ मिळाले, लेखांतल्या पहिल्याला उणे ७.१ आणि छायाचित्रांतल्या पहिल्याला ०.३१. हे आकडे तसेच उतरत्या क्रमाने लावले तर वर सगळी पुस्तके, मग सगळी छायाचित्रे आणि तळाला सगळे लेख. म्हणजे यादी एक झाली, पण निकाल मिसळलेच नाहीत.

भांडारांची व आकड्यांची ही मांडणी उदाहरणापुरती आहे. पायऱ्या मात्र कुठल्याही तीन स्रोतांना लागू पडतील.

पायरी १: प्रत्येक आकड्याची दिशा तपासा

इलॅस्टिकसर्च शब्दांच्या जुळणीवरून बीएम२५ नावाचा गुण काढते. तो जितका मोठा तितका निकाल चांगला, आणि त्याला वरची मर्यादा नाही. शोधात शब्द वाढले की गुणही वाढतो, त्यामुळे एका शोधातले १८ आणि दुसऱ्या शोधातले १८ यांचीही तुलना होत नाही. एफटीएस५ सुद्धा बीएम२५च वापरते, पण गुण उणे करून देते. तिथे जितका लहान आकडा तितका चांगला निकाल. पीजीव्हेक्टरचा `<=>` हा तर गुणच नव्हे, ते अंतर आहे. शून्याच्या जवळ असेल ते चांगले.

म्हणून एफटीएस५ मध्ये `ORDER BY rank` आणि पीजीव्हेक्टरमध्ये अंतरानुसार चढता क्रम लावायचा. सवयीने शेवटी `DESC` लिहिले की सर्वांत टाकाऊ निकाल वर येतात, आणि गंमत म्हणजे कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. एखाद्या नोंदीचे पूर्ण शीर्षक जसेच्या तसे शोधून पाहा. ती नोंद तिच्या स्रोतात पहिली आली नाही तर आधी दिशा तपासा, बाकीचे नंतर.

पायरी २: आकडे ० ते १ मध्ये बसवण्याचा मोह टाळा

पुष्कळ जणांना पहिला उपाय हाच सुचतो. प्रत्येक स्रोतातला सर्वोत्तम गुण १ धरायचा, सर्वांत वाईट ० धरायचा आणि मधले त्या प्रमाणात बसवायचे. पण असे केल्याने प्रत्येक स्रोतातल्या पहिल्या निकालाला १ मिळतोच, मग तो निकाल कितीही भलता असो. एकच निकाल आला तर भागाकार शून्याने होतो. आणि एखादा निकाल बाकीच्यांहून फार पुढे असेल तर उरलेले सगळे शून्याजवळ दाबले जातात.

व्हेक्टर शोधात तर हे फारच घातक ठरते, कारण तो रिकाम्या हाताने कधी परतत नाही. वीस मागितले की वीस देतो. आपल्या उदाहरणात छायाचित्रांतला पहिला निकाल आहे ‘किल्लारी भूकंपानंतरचे मदतकार्य, १९९३’. अर्थाने जवळचा, पण विचारलेला भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. असा फोटो १ गुण घेऊन नेमक्या पुस्तकाच्या बरोबरीला बसतो.

पायरी ३: क्रमांकावरून जोडा, पण प्रसिद्ध सूत्र जसेच्या तसे नको

गुण फेकून देऊन फक्त क्रमांक ठेवायचा, ही कल्पना चांगली आहे. कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूटशर यांनी २००९ मध्ये मांडलेले रेसिप्रोकल रँक फ्यूजन म्हणजेच आरआरएफ हे त्याचे सर्वांत वापरले जाणारे रूप. नोंद प्रत्येक यादीत ज्या क्रमांकावर असेल त्यानुसार `1/(k + rank)` काढायचे आणि बेरीज करायची. `k` बहुतेक जण ६० ठेवतात.

पण हे सूत्र एकाच संग्रहात वेगवेगळ्या पद्धतींनी शोधले असेल त्या प्रसंगासाठी आहे. तिथे तीच नोंद दोन पद्धतींना सापडली, तर तो तिच्या बाजूने खरा पुरावा असतो. आपली भांडारे मुळातच वेगळी आहेत. पुस्तक छायाचित्रांच्या यादीत येणारच नाही, त्यामुळे बेरजेला अर्थ उरत नाही. तिन्ही पहिल्या निकालांना १/६१, तिन्ही दुसऱ्यांना १/६२, म्हणजे एक पुस्तक, एक लेख, एक फोटो, पुन्हा एक पुस्तक अशी पाळीपाळीने वाटणी होते. तीन शाळांतून पहिली आलेली मुले सारखीच हुशार आहेत असे धरण्यासारखे हे झाले. तुमची यादी अशी शिस्तीत फिरताना दिसली तर समजा, विलीनीकरण झालेलेच नाही.

उलट बाजूनेही हे सूत्र फसवते. एखादा विशेषांक पुस्तकांच्या सूचीतही नोंदलेला असतो आणि लेखांच्या सूचीतही. तो दोन्हीकडे अगदी ६०व्या क्रमांकावर असला, तरी त्याला २/१२० म्हणजे ०.०१६७ मिळतात. एकाच ठिकाणी पहिल्या आलेल्या नोंदीला १/६१ म्हणजे ०.०१६४. दोनदा नोंद झाली एवढ्याच पुण्याईवर साठाव्याने पहिल्याला मागे टाकले!

म्हणून तीन बदल करा. आधी प्रत्येक नोंदीला सगळीकडे एकच ओळख द्या. आयएसबीएन असेल तर तो, नसेल तर शीर्षक, लेखक व वर्ष यांचा मिळून एक संकेत. मग अशी दुहेरी नोंद आली तर बेरीज न करता दोन्हींतला चांगला गुण घ्या. आणि `k` ६० ऐवजी १० च्या आसपास ठेवा.

`k` कमी करण्याचे कारण पुढच्या पायरीतल्या गुणाकारात आहे, तिथे `1/(k + rank)` ला एका वजनाने गुणायचे आहे. ६० ठेवले आणि एखाद्या स्रोताला नुसते ०.८ वजन दिले, तर त्याचा पहिला निकाल दुसऱ्या स्रोताच्या सोळाव्याच्याही खाली जातो. `k` १० असताना तेच वजन त्याला तिसऱ्याच्या खाली नेते. थोड्या फरकाने एवढी उलथापालथ होऊ नये.

पायरी ४: सगळ्यांना एकच माप लावा

खरे काम इथे आहे. प्रत्येक स्रोतातले पहिले वीस निकाल घ्या आणि त्यांचे शीर्षक व वर्णन यांवर स्वतःचे एक साधे माप चालवा: शोधातल्या शब्दांपैकी किती सापडले, आणि ते शब्द किती दुर्मीळ आहेत?

दुर्मीळपणा प्रत्येक स्रोत आपापल्या घरात मोजतो. दोन्हीकडे बीएम२५ असूनही गुण जुळत नाहीत, त्याचे मुख्य कारण हेच. समजा, ४०,००० पुस्तकांत ‘कोयना’ २० ठिकाणी आणि ‘भूकंप’ ३०० ठिकाणी आहे, तर ६०,००० लेखांत ‘कोयना’ ६०० आणि ‘भूकंप’ ५०० ठिकाणी. पुस्तकांच्या दृष्टीने ‘कोयना’ फार मोलाचा शब्द, लेखांच्या दृष्टीने ‘भूकंप’ थोडा अधिक मोलाचा. (इलॅस्टिकसर्चच्या एकाच सूचीच्या तुकड्यांतही हा फरक पडतो. `dfs_query_then_fetch` हा पर्याय त्यासाठीच आहे.)

यावर उपाय म्हणजे सगळ्यांची बेरीज. ५,००० छायाचित्रांत ‘कोयना’ १० व ‘भूकंप’ ४०० धरले, तर एकूण १,०५,००० नोंदींत ‘कोयना’ ६३० आणि ‘भूकंप’ १,२००. एकूण भागिले शब्दाची संख्या, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे खालच्या कोडमधला `idf`: ‘कोयना’ ५.१, ‘भूकंप’ ४.५. दोन्ही शब्द असले तर माप १, फक्त ‘कोयना’ असेल तर ०.५३, फक्त ‘भूकंप’ असेल तर ०.४७. या मापाने पायरी ३ मधल्या `1/(k + rank)` ला गुणायचे, तोच नोंदीचा शेवटचा गुण. बाहेरचा एखादा स्रोत असे आकडे देत नसेल तर तुमच्या सर्वांत मोठ्या सूचीतले वापरा, काम भागते.

मराठीत एक खबरदारी हवीच. ‘कोयना’ हा शब्द मजकुरात ‘कोयनेचा’, ‘कोयनेच्या’ असा येतो. अख्खा शब्द जुळवला तर बरेच निकाल हातचे जातात. शेवटचा स्वर काढून ‘कोयन’ने सुरू होणारे शब्द शोधा, ‘भूकंप’ला ‘भूकंपाने’, ‘भूकंपानंतर’ आपोआप जुळतात.

```python
def cover(text, stems, idf, floor=0.2):
    words = text.split()
    hit = [s for s in stems
           if any(w.startswith(s) for w in words)]
    share = sum(idf[s] for s in hit) / sum(idf[s] for s in stems)
    return max(floor, share)

def merge(lists, text, stems, idf, k=10):
    best = {}
    for ids in lists.values():
        for rank, d in enumerate(ids, start=1):
            s = cover(text[d], stems, idf) / (k + rank)
            best[d] = max(best.get(d, 0), s)
    return sorted(best, key=best.get, reverse=True)
```

`floor` मुद्दाम ठेवला आहे. ‘कोसळलेल्या चाळी, डिसेंबर १९६७’ अशा फोटोत शोधातला एकही शब्द नाही, पण तो हवा आहे, आणि व्हेक्टर शोध ठेवला आहे तो अशाच नोंदींसाठी. शून्याने गुणले तर तो कायमचा गेला.

आता आपले उदाहरण चालवू. नेमके पुस्तक आणि नेमका लेख आपापल्या ठिकाणी पहिले, दोघांना १/११ म्हणजे ०.०९१. लेखांत दुसऱ्या ते आठव्या क्रमांकापर्यंत दोन्ही शब्द असलेले लेख आहेत, त्यांना ०.०८३ पासून ०.०५६ पर्यंत. किल्लारीचा फोटो छायाचित्रांत पहिला असूनही त्याला ०.०४२, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या कोयनानगरच्या फोटोला ०.०४४. म्हणजे आधी पुस्तक, मग आठ लेख, दहाव्या जागी कोयनानगर आणि त्याखाली किल्लारी. ‘महाराष्ट्रातील भूकंप’ हे पुस्तक ०.०३९ वर. लेखांत नववा आलेला ‘कोयना एक्सप्रेस’च्या वेळापत्रकाचा लेख ०.०२८ वर गेला, हेही बरे झाले. अर्थात तो लेख मूळ यादीत दुसरा असता तर किल्लारीच्याही वर बसला असता. शब्द मोजणाऱ्या मापाला गाडी आणि धरण यांतला फरक कळत नाही. तसे निकाल वारंवार दिसले तर पहिल्या वीस-वीस नोंदींवर अर्थ तपासणारे क्रॉस-एन्कोडर मॉडेल चालवा, पण त्याला वेळ लागतो आणि मराठीवर ते कसे चालते हे आधी स्वतः पाहावे लागते.

बरोबरी झाल्यास वरचा कोड स्रोत ज्या क्रमाने दिले त्याच क्रमाने ठेवतो. तो क्रम विचार करून ठरवा.

पायरी ५: तपासणी

उत्तरे आधीच माहीत असलेले शोध ग्रंथपालाकडून घ्या, तीसेक पुरतात. प्रत्येकाच्या पहिल्या दहा निकालांपुढे स्रोत, तिथला क्रमांक आणि मिळालेले माप छापा. त्यात असे काही शोध हवेतच, ज्यांचे उत्तर फक्त एकाच भांडारात आहे. तिथेही बाकीची दोन वरच्या तिनांत घुसत असतील तर `floor` जास्त आहे. एखादे भांडार कुठेच दिसत नसेल तर बहुधा त्याच्या नोंदींत वर्णनच नाही, नुसते फाइलचे नाव आहे. तिथे सूत्राशी खेळण्यापेक्षा वर्णने लिहून घेणे स्वस्त पडते.

दुसऱ्या पानासाठी स्रोतांना पुन्हा विचारू नका. पहिल्यांदाच पुरेशा नोंदी घेऊन जोडलेली यादी काही मिनिटे साठवून ठेवा, नाहीतर पहिल्या पानावरची नोंद दुसऱ्यावर पुन्हा भेटते. एखादा स्रोत वेळेत उत्तर देत नसेल तर त्याच्याविना यादी दाखवा, पण ‘छायाचित्रे आत्ता उपलब्ध नाहीत’ अशी ओळ वर द्या. उशिरा आलेले निकाल वाचत असलेल्या यादीत मधेच घालू नका. वाचक ज्यावर क्लिक करायला जातो तेच खाली सरकते.