घरी आवाज रेकॉर्ड करताना स्क्रिप्ट कशी मांडावी

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल विचारलं की लोक आधी माइकचं नाव सांगतात, मग गाद्या-रजया लावायला सांगतात. ते करा, बिघडत काही नाही. पण एडिटिंगमध्ये रात्री जातात त्या बहुतेक वेळा कागदामुळे जातात. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांसाठी मी ऑडिओ गाइड करायला घेतला तेव्हा चौदा पानं सलग वाचली. चुकलो की मागच्या ओळीपासून पुन्हा सुरू. हातात बावन्न मिनिटांची एकच फाइल आली आणि कोणतं वाक्य कितव्यांदा चांगलं आलं हे शोधायला तीन रात्री लागल्या. तेव्हापासून कागद तयार झाल्याशिवाय मी रेकॉर्डचं बटण दाबत नाही.

टाइप मोठा ठेवा, १६ च्या आसपास. दोन ओळींत भरपूर जागा सोडा, कागदाच्या एकाच बाजूला छापा. डावीकडे तुकड्याचा, म्हणजे एका दमात वाचायच्या मजकुराचा क्रमांक, मधे मजकूर, उजवीकडे चांगल्या टेकचा, म्हणजे कितव्यांदा वाचलेलं चांगलं आलं त्याचा आकडा लिहायला कोरा पट्टा. तुकडा पानाच्या शेवटी अर्धवट तुटू देऊ नका, पान उलटल्याचा आवाज माइकला तुमच्याइतकाच स्पष्ट ऐकू जातो. आकडे अक्षरी लिहा. ‘१९’ बघून जीभ ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ यांच्यात क्षणभर अडखळते, आणि तो क्षण रेकॉर्ड होतो.

आता तुकडे पाडायचे. एका तुकड्यात साधारण पंचवीस शब्द, म्हणजे दहा-बारा सेकंद. त्यापेक्षा लांब झाला की शेवटच्या शब्दाला चूक होते आणि सगळंच पुन्हा वाचावं लागतं. माझं पहिलं वाक्य बघा:

‘त्रिरश्मी डोंगराच्या पोटात असलेल्या २४ लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखानुसार गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने ते लेणं पुळुमावीच्या १९व्या वर्षी भिक्खूसंघाला दान केलं.’

डोळ्यांनी वाचायला ठीक आहे. तोंडानं वाचताना ‘बलश्री’पर्यंत श्वास संपतो आणि क्रियापद, जे आपल्याकडे वाक्याच्या शेवटी येतं, ते पुटपुटल्यासारखं निघतं. आता तेच मी असं मांडतो:

१ | त्रिरश्मी डोंगराच्या पोटात चोवीस लेणी आहेत. / त्यांतलं तिसरं आपण आता बघतोय.
२ | इथल्या शिलालेखात एका आईचं नाव येतं: / गौतमी बलश्री. / तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी.
३ | पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी / गौतमी बलश्रीनं हे लेणं / भिक्खूंच्या संघाला दान केलं.

तिसऱ्या तुकड्यात आधी मी ‘तिनं’ लिहिलं होतं. नंतर दुसरा तुकडा काढून टाकायची वेळ आली आणि ‘तिनं’ म्हणजे कोण, हे कुणालाच कळेना. म्हणून प्रत्येक तुकडा आपल्या नावावर उभा राहील असा लिहा. तिरकी रेघ म्हणजे वाचताना किंचित टेकायची जागा. ‘घेऊन गेला’सारखं जोडक्रियापद त्या रेघेनं तोडू नका.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात उशिरा जमला: हाक आणि शांतता. प्रत्येक टेकच्या आधी आपण काय वाचणार ते मोठ्यानं म्हणायचं. मी म्हणतो, ‘तुकडा तीन, टेक दोन.’ नुसतं ‘तीन, दोन’ म्हणू नका. घाईत ते एकच वाटतं आणि महिन्याभरानं ऐकताना तुकडा कोणता, टेक कोणता याचा पत्ता लागत नाही.

पण हाक दिल्याबरोबर वाचायला लागलं की दोन गोष्टी बिघडतात. हाकेचा शेवटचा आवाज खोलीत विरलेला नसतो, त्यामुळे कापताना ‘दोन’चं शेपूट मजकुराला चिकटून येतं. त्याहून वाईट म्हणजे सूर. आकडे आपण खाली उतरत्या सुरात म्हणतो, तोच उतरलेला सूर पहिल्या शब्दाला लागतो आणि तुकडा थकल्यासारखा सुरू होतो. मला बरेच दिवस वाटायचं, माझा आवाजच असा पडलेला आहे. आवाज ठीक होता, हाक मला खाली ओढत होती.

क्रम असा ठेवा. हाक द्या. मग आवाज न करता तोंडानं श्वास घ्या. मग पूर्ण दोन सेकंद काहीच करू नका, मनातही ‘एक, दोन’ म्हणू नका, कारण मनात म्हणताना ओठ हलतात आणि चिकट आवाज येतो. मग वाचा. शेवटच्या अक्षरानंतर पुन्हा दोन सेकंद थिजून राहा. खुर्चीत मागे रेलायचं नाही, कागद हलवायचा नाही. श्वास हाकेनंतर लगेच घेतल्यामुळे तो मजकुरापासून दूर पडतो आणि कापायला सोपा जातो.

या शांततेची खूण कागदावर करावी लागते. मी आधी प्रत्येक तुकड्याच्या आधी कंसात ‘थांबा’ लिहायचो. एकदा आमच्या वहिनींना वाचायला बसवलं, त्यांनी प्रामाणिकपणे चाळीस वेळा ‘थांबा’ही वाचलं. तेव्हापासून फक्त रिकामी चौकट काढतो, □ अशी, तुकड्याच्या आधी एक आणि नंतर एक. अक्षर नसलेली खूण कोणी वाचत नाही.

चूक झाली तर वाक्याच्या मधून सुरू करू नका. एक टाळी वाजवा, दोन सेकंद थांबा, नवी हाक द्या, तुकडा पहिल्यापासून वाचा. टाळी वेव्हफॉर्मवर, म्हणजे स्क्रीनवरच्या आवाजाच्या आलेखावर सुळक्यासारखी उभी दिसते, त्यामुळे वाया गेलेले टेक न ऐकताच कळतात. टाळी माइकपासून हात लांब नेऊन वाजवा, नाहीतर तुमच्याच कानाला त्रास होईल. टेक चांगला झाला की उजवीकडच्या पट्ट्यात त्याचा आकडा लगेच लिहा. संध्याकाळी आठवेल असं समजू नका.

एडिटिंग आता सोपं आहे. ऑडॅसिटी या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल वाजवत असताना प्रत्येक हाकेला `Ctrl+M` दाबा, तिथे लेबल पडतं, त्यात ‘३-२’ असं लिहा. कागदावरचे आकडे बघून तेवढेच टेक ठेवा. दोन तुकड्यांमध्ये अर्धा ते पाऊण सेकंद शांतता पुरते, बाकीची कापा. ‘प’, ‘त’, ‘क’ यांनी सुरू होणारा तुकडा सहज कापता येतो, कारण त्या अक्षरांआधी तोंड क्षणभर बंद असतं. ‘स’ किंवा ‘ह’नं सुरू होणाऱ्याची कड पुसट दिसते, तिथे मोठं करून बघा आणि थोडी जागा सोडूनच कापा.

वेळेचं म्हणाल तर आमच्या इंदिरानगरात घंटागाडी सकाळी येते आणि तिचं गाणं बंद खिडकीतूनही आत येतं, म्हणून मी दुपारी दोननंतर बसतो. उठण्याआधी सगळं जिथल्या तिथे ठेवून तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा, आणि त्याआधी ‘खोली’ अशी हाक द्या. कापलेल्या जागी पूर्ण शांतता टाकली की खड्डा पडल्यासारखं ऐकू येतं. तिथे ही खोली भरायची. पंखा बंद करून रेकॉर्ड केलं असेल तर खोलीही पंखा बंद ठेवूनच घ्या.