रात्री दहाला जेवणाऱ्यांची रविवारची तयारी

डोंबिवलीत राहायचं, नोकरी बीकेसीत, नऊ तास खुर्चीत, आणि घरी पोचेपर्यंत पावणेदहा. अशा माणसाला वजन उतरवायला 'सातच्या आत जेवा' असं सांगणाऱ्याने संध्याकाळची कल्याण फास्ट पाहिलेली नसावी. जेवण उशिरा होतं म्हणून चरबी वाढते, असं थेट गणित नाही. खरी अडचण दुपारी दीडचा डबा आणि रात्री दहाचं ताट यांच्यामधल्या साडेआठ तासांत आहे. त्या भुकेपोटी आधी स्टेशनबाहेर वडापाव होतो आणि मग घरी दोन माणसांचं जेवण होतं. म्हणून आठवड्याची सगळी तयारी संध्याकाळी सव्वासहाच्या एका डब्याभोवती करायची.

सुरुवातीला हिशेब मांडू, म्हणजे डबा कशासाठी ते कळेल. एक वडापाव साधारण ३०० कॅलरी. रात्रीच्या तीन पोळ्या तेल लावून ३३०, आमटी १२०, भाजी १५०, वर भात आणि चमचाभर तूप मिळून २५०. एकूण ११५० च्या आसपास. आता सव्वासहाला वाटीभर मुगाची उसळ आणि एक उकडलेलं अंडं खाल्लं, तर ते २७५ होतात. वडापाव आपोआप गळतो, कारण आठ वाजता तो फक्त छान वास देतो, ओढत नाही. रात्री दोन पोळ्या, तीच आमटी, तीच भाजी, भात नाही, हे ४९० झाले. दिवसाला ३८५ कमी, पाच दिवसांत १९२५. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला पाव किलो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण यात कोणी उपाशी झोपत नाही. शनिवार-रविवार सांभाळले तरच हा पाव किलो हाती राहतो. रविवारी दुपारी बिर्याणीवर हात मोकळा सोडला की निम्मी कमाई तिथेच जाते.

तयारी शुक्रवारी रात्री सुरू होते. पाव किलो मूग भिजत घाला, शनिवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, रविवारी सकाळी मोड आलेले असतात. एवढ्यात पाच वाट्या होतात आणि प्रत्येक वाटीत बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. सगळी उसळ एकदम करू नका. सोमवार ते बुधवारची रविवारी शिजवून फ्रिजमध्ये ठेवा आणि उरलेले मोड बुधवारी रात्री फोडणीला टाका, नाहीतर गुरुवारच्या डब्याला आंबूस वास येतो. पाच अंडी उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवली की आठवडाभर चालतात. अंडी न खाणाऱ्यांनी त्याऐवजी पनीरचा लहानसा तुकडा घ्यावा.

ऑफिसात फ्रिज आहे का, हे आधी बघा. सकाळी सहाला भरलेली उसळ संध्याकाळपर्यंत मुंबईच्या उकाड्यात बॅगेत राहिली तर ती खाण्यालायक राहत नाही, आणि अंड्याचंही तेच. फ्रिज नसेल तर हट्ट सोडा. चाळीस ग्रॅम फुटाण्याच्या पाच पुड्या बांधून ड्रॉवरमध्ये टाका आणि त्यासोबत खाली दुकानातून बिनसाखरेच्या ताकाचा पॅक घ्या. प्रथिनं थोडी कमी पडतील, पण मधली भूक भागते आणि ते जास्त महत्त्वाचं. सव्वासहाला मीटिंग लागण्याची सवय बहुतेक ऑफिसांना असते, म्हणून फोनवर सहाचा गजर लावून ठेवा. साडेसातला खाल्लेला डबा उपयोगाचा नाही, तोवर बिस्किटांचा पुडा फुटलेला असतो.

रविवारचं दुसरं काम तेलाचं. घरात तिघं असाल तर साडेचारशे मिलिलिटर तेल एका वेगळ्या बाटलीत काढा आणि आठवडाभर तेवढंच वापरा. माणशी दिवसाला चार चहाचे चमचे होतात आणि घरच्या स्वयंपाकाला ते पुरतात. ही बाटली गुरुवारीच संपली, तर वजन का हलत नाही याचं उत्तर तिथेच मिळालं. वरणभाताला दोष देण्याआधी फोडणीकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं काम बोलण्याचं. रात्री दहाला गरम पोळी घेऊन उभ्या असलेल्या आईला ताटावर बसून 'नको' म्हटलं, तर तिला वाटतं स्वयंपाक बिघडला. रविवारीच सांगून ठेवा की दोनच पोळ्या कर, भात नको. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका. झोपायला बारा वाजत असतील तर मधल्या वेळात भांडी आवरणं हा उत्तम व्यायाम. ज्यांना पहाटे आंबट ढेकर येतात, त्यांना रात्रीचं जेवण हलकं झाल्याने बहुधा पहिल्याच आठवड्यात फरक जाणवतो.

पहाटे पाचची जिम या आठवड्यात लिहूच नका. बाराला झोपून पाचला उठणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलं जास्त खावंसं वाटतं. त्यापेक्षा परतताना आठवड्यातून दोनदा, बीकेसी ते कुर्ला शेअर रिक्षा न करता चालत या. अर्ध्या तासाची चाल होते, आणि त्या रस्त्यावर कधीकधी रिक्षाच्या आधी पोचता. स्नायू टिकवायला शनिवारी आणि मधल्या एका दिवशी वीस मिनिटं बैठका, भिंतीला टेकून जोर आणि पाण्याचा कॅन उचलणं पुरेसं आहे.

कॅलेंडर पाहायला विसरू नका. संकष्टी मधे आली तर चंद्रोदय नऊ-दहाच्या सुमारास असतो, दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स झालेले असतात, आणि उपास सोडताना मोदकही असतात. त्या दिवशी हिशेब बसत नाही. उपास करायचाच असेल तर फळं, दही आणि मूठभर शेंगदाण्यांवर करा, नाहीतर तो दिवस सरळ सोडून द्या. लोकल रखडली आणि डबा संपलेला असेल, तर फलाटावर केळं किंवा शेंगदाण्याची छोटी पुडी घ्या.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर जेवणाच्या वेळा आणि भात-पोळीचं प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोस तसाच राहिला तर साखर एकदम खाली येऊ शकते.

शेवटी काटा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि लिहून ठेवा, पण एका आकड्यावर विश्वास ठेवू नका. आदल्या रात्री उशिरा लोणचं-पापड झालं असेल तर सकाळी किलोभर जास्त दिसू शकतं. त्यात मिठाने धरलेलं पाणी असतं आणि न पचलेलं अन्न असतं. सात दिवसांची सरासरी काढून पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर आधी तेलाची बाटली आणि रविवारचं दुपारचं ताट तपासा. दोन्ही ठीक असतील, तर रात्रीची एक पोळी कमी करा. सव्वासहाच्या डब्याला मात्र हात लावू नका.